उपाशीपोटी वीसची गोळी तेराची होते

संकष्टीला पंचवटीतल्या आमच्या एका काकांनी विचारलं, "आज उपास आहे. रक्त पातळ करायची गोळी सकाळीच चहाबरोबर घेऊन टाकू का? रिकाम्या पोटी औषध जास्त लागू पडतं म्हणतात." काकांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलेली आहे. तिथे गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ नये म्हणून त्यांना रिव्हारोक्साबॅन २० मिलिग्रॅम, रोज एक, रात्रीच्या जेवणाबरोबर दिली आहे.

या गोळीबाबत काकांचा समज नेमका उलटा आहे. रिव्हारोक्साबॅन पाण्यात जेमतेम विरघळतं, आणि न विरघळलेलं औषध आतड्याच्या भिंतीतून रक्तात जात नाही. पोट रिकामं असलं की गोळी लवकर पुढे सरकते आणि विरघळायला वेळ मिळत नाही. जेवण झालेलं असेल तर जठर सावकाश रिकामं होतं. तेलातुपामुळे पित्तही सुटतं आणि पित्तातले क्षार असं हट्टी औषध विरघळवायला मदत करतात. म्हणून २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबत जवळजवळ पूर्ण शोषली जाते, उपाशीपोटी सुमारे दोन तृतीयांशच. हिशेब केला तर तेरा मिलिग्रॅम. १० मिलिग्रॅमची गोळी मात्र इतकी छोटी मात्रा असते की ती जेवणाशिवायही शोषली जाते. अ‍ॅपिक्साबॅन आणि डॅबिगॅट्रान या भावंडांनाही जेवणाची अट नाही, त्यामुळे शेजाऱ्याचं वेळापत्रक उचलू नये.

काकांचा प्रश्न तसा सोपा होता: चंद्रोदयानंतर उपास सोडतात, त्याच जेवणाबरोबर गोळी. एकादशीला पोटभर साबुदाण्याची खिचडी चालेल. नुसत्या चहा-केळ्यावर भागवू नये.

आता चुकलेली गोळी. वयस्कर माणसात हे औषध ११ ते १३ तासांत निम्मं होतं. साडेआठची गोळी दुसऱ्या रात्री साडेआठला पाव उरते. त्या रात्रीची गोळी चुकली, तर तिसऱ्या सकाळपर्यंत जेमतेम आठवा भाग. रात्री अकराला आठवलं तर काहीतरी खाऊन लगेच घ्यावी आणि उद्याची नेहमीच्या वेळी. दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं तर गेलेली सोडून द्यावी, रात्री एकच घ्यावी. भरपाई म्हणून दोन घेतल्या तर रक्तातली पातळी एकदम चढते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. सकाळी उठल्यावर आठवलं तर डॉक्टरांना फोन करावा, कारण तेव्हा घेतलेली गोळी आणि रात्रीची एकाच दिवसात पडतात.

पायातल्या गुठळीसाठी पहिले तीन आठवडे १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. तिथे नियम वेगळा आहे: दिवसाचे ३० मिलिग्रॅम पुरे व्हावेत म्हणून चुकलेली गोळी त्याच दिवशी, गरज पडल्यास दुसरीबरोबर घेता येते.

'लसूण खा, गोळी बंद करा' हे फॉरवर्ड वाचून गोळी थांबवणारेही भेटतात. लसणीची मात्रा कुणी मोजलेली नसते. गोळी थांबली की एक-दोन दिवसांत संरक्षण संपतं आणि पक्षाघाताचा धोका पुन्हा उभा राहतो. डॉक्टर सांगेपर्यंत ती सुरू ठेवायची. काळी शौच, लघवीत रक्त किंवा डोक्याला जोराचा मार, यांपैकी काही झालं तर मात्र पुढच्या गोळीची वाट न पाहता थेट दवाखाना गाठायचा.