क्रिएटिनिन १.२ : आईला नेमके काय सांगायचे?

वय वर्षे ७२, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जुने, गुडघे दुखतात आणि इंग्रजी वाचता येत नाही, अशा एका आईचा अहवाल समोर आहे असे समजू. प्रयोगशाळेने दिलेल्या कागदावर क्रिएटिनिन १.२, ईजीएफआर ४८, लघवीतील अल्ब्युमिनचे प्रमाण म्हणजे एसीआर ६८ आणि पोटॅशियम ५.२ असे आकडे असून चारही आकड्यांपुढे खूण आहे. डॉक्टरांनी खाली इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आहेत. त्यांचा आशय असा : मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार, टप्पा ३ ए, सध्या स्थिर, टेल्मिसार्टन चालू ठेवावे, एनएसएआयडी टाळाव्यात, मीठ कमी करावे आणि पोटॅशियम दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. हा कागद वाचून दाखवणे सोपे आहे, पण ऐकल्यानंतर आईच्या हाती काय लागते हा खरा प्रश्न आहे. बहुतेक वेळा तिच्या लक्षात ‘टप्पा ३’ एवढेच राहते आणि ती थेट विचारते, “म्हणजे आता डायलिसिस का रे?”

या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोन आकड्यांत आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करावी. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. मूत्रपिंडे ही रक्ताची गाळणी असल्यामुळे ती क्रिएटिनिन गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. गाळण्याचा वेग कमी झाला की ते रक्तात साठते आणि आकडा वाढतो. परंतु हा आकडा एकटा फार थोडे सांगतो, कारण ज्याचे स्नायू जास्त त्याचे क्रिएटिनिनही जास्त. प्रयोगशाळेत वय, लिंग आणि क्रिएटिनिन एका सूत्रात घालून गाळण्याच्या वेगाचा अंदाज काढतात, तोच ईजीएफआर. १.२ हाच आकडा ३० वर्षांच्या पुरुषाचा असेल, तर आज प्रचलित असलेल्या सूत्राने ईजीएफआर सुमारे ८३ येतो. ७२ वर्षांच्या स्त्रीचा असेल, तर ४८. म्हणूनच शेजारच्या काकांचे १.२ ‘नॉर्मल’ निघाले आणि आईचे का नाही, याला प्रयोगशाळेची चूक समजू नये.

हे ४८ म्हणजे ४८ टक्के नव्हेत. सरासरी आकाराच्या शरीराच्या मानाने मूत्रपिंडे मिनिटाला साधारण ४८ मिलिलिटर रक्तद्रव गाळत आहेत, असा त्याचा अर्थ. दिवसाचा हिशेब केला तर हे जवळजवळ ६९ लिटर होतात, आणि त्यातील बहुतेक सर्व पाणी शरीर परत घेते. तरुण निरोगी माणसात हा वेग मिनिटाला १०० मिलिलिटरच्या आसपास किंवा त्याहून थोडा अधिक असतो आणि वयाबरोबर तो हळूहळू उतरत जातो. टप्पे एकूण पाच असून ४५ ते ५९ या पट्ट्याला ‘३ ए’ म्हणतात, तर १५ च्या खालच्या पट्ट्याला पाचवा टप्पा. डायलिसिसची चर्चा सामान्यतः त्या शेवटच्या टप्प्याजवळ होते, आणि तेव्हाही केवळ आकडा पाहून नव्हे, तर त्रास पाहून. तेव्हा आईला सांगता येते : “नाही आई, डायलिसिसचं आत्ता काही नाही. तुझी मूत्रपिंडं अजून दिवसाला सत्तर लिटरच्या आसपास गाळतात. पूर्वीपेक्षा हळू गाळतात, म्हणून त्यांना जपायचं आहे.”

‘दीर्घकालीन’ हा शब्द ऐकून आजार गंभीर आहे असे वाटते, पण त्यातून फक्त एवढेच कळते की हा बदल तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला आहे. त्यामुळे जुना अहवाल शोधून नव्याशेजारी ठेवणे हे घरातल्यांचे सर्वांत उपयोगी काम आहे. या उदाहरणात सहा महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन १.१ होते, म्हणजे ईजीएफआर ५३. आता ४८ झाले. आजार पाच अंकांनी बळावला, असे लगेच म्हणू नये. दिवसागणिक होणारे चढउतार, पाणी कमी पिणे, आदल्या रात्रीचे मटण यांनीही एवढा फरक पडू शकतो. दोन तपासण्यांमध्ये २० टक्क्यांहून जास्त घट दिसली, तर मात्र कारण शोधावे लागते. येथे घट सुमारे नऊ टक्के आहे, आणि डॉक्टरांनी ‘स्थिर’ लिहिले ते याच अर्थाने. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. आई गेल्या वर्षभरात खूप वाळली असेल, तर स्नायू घटल्यामुळे क्रिएटिनिन कमी दिसते आणि मूत्रपिंडे प्रत्यक्षात आहेत त्याहून बरी भासतात. अशा वेळी डॉक्टर सिस्टॅटिन सी नावाची वेगळी रक्ततपासणी सुचवू शकतात. (ब्रिटनसारख्या देशात राहणाऱ्या मुलांना तेथील कागदावर १.२ ऐवजी १०६ असा आकडा दिसेल. ते वेगळे एकक आहे, प्रमाण तेच.)

एसीआर ६८ हा आकडा घरात सहसा दुर्लक्षित राहतो, हे मला चुकीचे वाटते. गाळणी शाबूत असेल तर रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत अगदी नगण्य उतरते. एसीआर ३० च्या खाली असणे अपेक्षित असून ३० ते ३०० म्हणजे मध्यम गळती. ताप, लघवीतील जंतुसंसर्ग किंवा खूप श्रम यांनीही हा आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना देतात आणि तपासणी पुन्हा करतात. आईने टेल्मिसार्टन का सोडायचे नाही, याचे उत्तर येथे मिळते. ती गोळी रक्तदाब तर उतरवतेच, शिवाय गाळणीच्या आतला दाब कमी करून ही गळतीही आटोक्यात ठेवते. ‘रक्तदाब आता चांगला आहे, मग गोळी कशाला’ असा आईचा विचार चालू असेल, तर हे कारण तिला आवर्जून सांगावे.

आता त्या चार ओळींमधील सर्वांत महत्त्वाची ओळ : एनएसएआयडी टाळाव्यात. ही ओळ शब्दशः मराठीत आणून ‘वेदनाशामक औषधे टाळ’ असे सांगितले, तर आई मान डोलावेल आणि संध्याकाळी गुडघ्याची गोळी घेईल, कारण ती गोळी म्हणजेच हे औषध असे तिला कोणी सांगितलेलेच नसते. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड ही त्या गटातील नेहमीची नावे. घरातील औषधांचा डबा आईसमोर उघडून प्रत्येक पाकिटाच्या मागचे बारीक अक्षर वाचावे. येथे एक फसवी जागा आहे. ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकाच गोळीत असलेली पाकिटे आपल्याकडे सर्रास मिळतात, आणि पॅरासिटामॉल हा ओळखीचा शब्द दिसला की माणूस निर्धास्त होतो. पॅरासिटामॉल एकटेच आहे ना, हे पाहायचे. गल्लीतल्या दवाखान्यात कंबरदुखीसाठी टोचले जाणारे इंजेक्शनही पुष्कळदा डायक्लोफिनॅकचे असते, त्यामुळे कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर “माझ्या किडनीला त्रास आहे” हे वाक्य आईने पहिल्यांदा बोलायचे.

हे कारणासह सांगितले तर जास्त पटते. गाळणीच्या प्रत्येक सूक्ष्म गुच्छाला रक्त आणणारी एक नलिका असते आणि नेणारी एक. आत पुरेसा दाब राहिला तरच गाळणे होते. शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांच्या मदतीने आणणारी नलिका रुंद ठेवते, आणि मूत्रपिंडे अशक्त असतील किंवा शरीरात पाणी कमी असेल तेव्हा ही मदत फार मोलाची ठरते. गुडघ्याची गोळी नेमकी ही द्रव्येच अडवते, त्यामुळे येणारे रक्त घटते. टेल्मिसार्टन रक्त नेणारी नलिका सैल करते, म्हणून आतला दाब आधीच थोडा उतरलेला असतो. त्यात रक्तदाबाच्या गोळीबरोबर लघवी वाढवणारे औषधही असेल आणि आईला जुलाब-उलट्या झाल्या असतील, तर दाब एकाएकी कोसळतो आणि काही दिवसांत क्रिएटिनिन दुपटीवर जाऊ शकते. या काळात मूत्रपिंड दुखत नाही. लघवी कमी होणे, पावलांवर सूज, मळमळ एवढीच चिन्हे दिसतात आणि कधी तीही नाहीत. वेळीच औषध थांबवले तर अशी इजा बऱ्याचदा भरून येते. म्हणून जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि पोटात काही ठरेना, तर गोळ्या नेहमीप्रमाणे चालू ठेवायच्या की एक-दोन दिवस थांबवायच्या, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनबद्दलही तेव्हाच विचारून घ्यावे.

राहिले पोटॅशियम. ५.२ हे वरच्या मर्यादेपेक्षा किंचित जास्त आहे, आणि डॉक्टरांनी औषध न देता पुन्हा तपासायला सांगितले याला कारण आहे. रक्त काढताना मूठ वारंवार आवळली, किंवा नमुना प्रयोगशाळेत उशिरा पोहोचला वा त्यातील पेशी फुटल्या, तर पेशींतील पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो. तो खरा असेल, तर पहिला संशय स्वयंपाकघरातील मिठावर घ्यावा. ‘मीठ कमी करा’ हे ऐकून पुष्कळ घरांत कमी सोडियमचे मीठ आणले जाते. पण त्यातील सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, आणि मूत्रपिंडाच्या आजारात, त्यातही टेल्मिसार्टन चालू असताना, ते धोक्याचे ठरते. सैंधव घेतले म्हणजे सोडियम टळले, हाही गैरसमज आहे. सल्ला साध्या मिठाचा आहे : दिवसभरात सर्व पदार्थांत मिळून एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. ताटातले वरचे मीठ, लोणचे, पापड आणि खारवलेल्या मिरच्या कमी केल्या तरी बराच हिशेब जुळतो. आईने आपण होऊन डाळ, दूध सोडू नये. या वयात प्रथिने कमी पडली तर अशक्तपणा येतो आणि मग क्रिएटिनिनचा आकडाही फसवा होतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम बरेच असते, म्हणून दुसरा अहवाल येईपर्यंत ते थांबवावे.

दुसऱ्या तपासणीला जाताना रक्त काढणाऱ्याला मूठ पुन्हा पुन्हा आवळायला न लावण्याची विनंती करावी, सकाळी नेहमीएवढे पाणी प्यावे आणि त्या आठवड्यात घेतलेल्या प्रत्येक गोळीचे नाव कागदावर लिहून न्यावे, न सांगता घेतलेल्या गुडघ्याच्या गोळीसकट. पोटॅशियम ५ च्या खाली आले, तर टेल्मिसार्टन तसेच चालू राहते. ते ५.५ च्या वर गेले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. औषधाची मात्रा बदलायची की नाही हे तेच ठरवतील.