दोन समीकरणांतून y काढून टाकणे

ठाण्यात नौपाड्यात अकरावीच्या काही विद्यार्थ्यांबरोबर गणित सोडवत असताना एका मुलीने विचारले की, दहावीत एकसामयिक समीकरणांसाठी क्रेमरची पद्धत शिकवली, पण समीकरणांत वर्ग आले की निश्चयकाचा उपयोग संपतो का? तो संपत नाही, आणि याचे उत्तर १८४० मध्ये जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने दिले आहे. त्याची रीत एका छोट्या उदाहरणावर पाहू.

x² + y² = 5 हे वर्तुळ आहे आणि y² + xy = 6 हा अपास्त आहे. हे दोन वक्र कुठे छेदतात, हे आपल्याला शोधायचे आहे. त्यासाठी क्षणभर x ही एक ठरलेली संख्या आहे असे माना, म्हणजे दोन्ही समीकरणे केवळ y ची वर्गसमीकरणे होतात:

f = y² + (x² − 5) = 0
g = y² + xy − 6 = 0

आता प्रश्न असा उरतो की, x च्या कोणत्या किमतींना या दोन वर्गसमीकरणांचे एखादे मूळ समान असते. सिल्व्हेस्टरने इथे f आणि g या दोघांनाही y ने गुणले. समान मूळ असेल तर त्या मुळासाठी f, g, yf आणि yg हे चारही शून्य होतात, आणि या चार समीकरणांत y³, y², y आणि 1 एवढ्या चारच राशी येतात. त्या राशींचे सहगुणक ओळीने मांडले की हा तक्ता मिळतो:

```
        y³   y²   y       1
y·f     1    0    x²−5    0
f       0    1    0       x²−5
y·g     1    x    −6      0
g       0    1    x       −6
```

युक्ती शेवटच्या स्तंभात आहे. y³, y², y आणि 1 यांना चार स्वतंत्र अज्ञात मानले, तर ही चार रेषीय समीकरणे होतात आणि त्या सर्वांची उजवी बाजू शून्य आहे. अशा समीकरणांना सर्व अज्ञात शून्य हे एक उत्तर नेहमीच असते, परंतु आपल्या उत्तरातला चौथा अज्ञात 1 असल्यामुळे तो शून्य असूच शकत नाही. म्हणजे शून्येतर उत्तर अस्तित्वात आहे, आणि तसे असेल तर तक्त्याचा निश्चयक शून्य असावाच लागतो. या निश्चयकालाच रिझल्टंट म्हणतात. त्यात y कुठेच उरत नाही.

निश्चयक काढताना तिसऱ्या ओळीतून पहिली आणि चौथीतून दुसरी वजा केली की पहिल्या स्तंभात एकच 1 शिल्लक राहतो आणि आकडेमोड ३ × ३ वर येते. ती पूर्ण केल्यावर मिळते:

(x² + 1)² + x²(x² − 5) = 2x⁴ − 3x² + 1 = (2x² − 1)(x² − 1)

म्हणून x = ±1 किंवा x = ±1/√2. y मिळवण्यासाठी g मधून f वजा केले की xy = x² + 1 येते; त्यावरून x = 1 ला y = 2, आणि x = 1/√2 ला y = 3/√2. उरलेले दोन बिंदू यांच्याच उलट चिन्हांचे आहेत. दुसऱ्या जोडीचा पडताळा असा: 1/2 + 9/2 = 5 आणि 9/2 + 3/2 = 6. या उदाहरणात xy = x² + 1 मधून y ची किंमत f मध्ये घालूनही तेच समीकरण मिळाले असते, परंतु y चे घात वाढले की अशी सोयीची वजाबाकी सापडेलच असे नाही; तक्ता मात्र नेहमी मांडता येतो.

मूळ समीकरणांत किमती घालून पाहण्याचा हा पडताळा टाळू नये, कारण रिझल्टंट कधीकधी खोटे मूळ देतो. xy − 1 = 0 आणि xy − 2 = 0 ही जोडी घ्या. एकच गुणाकार 1 आणि 2 दोन्ही असू शकत नाही, त्यामुळे या जोडीला उत्तरच नाही. तरीही त्यांचा रिझल्टंट −x येतो आणि x = 0 हे मूळ दाखवतो. x = 0 ठेवताच दोन्ही समीकरणांतला y चा सहगुणक नाहीसा होतो आणि तक्त्याचा पहिला स्तंभ पूर्ण शून्य होतो, हे त्याचे कारण. म्हणून दोन्ही समीकरणांत y च्या सर्वांत मोठ्या घाताचे सहगुणक एकाच x ला शून्य होत असतील, तर ती किंमत संशयित समजून वेगळी तपासावी. आपल्या उदाहरणात y² चा सहगुणक दोन्हीकडे 1 असल्याने हा धोका नव्हता. रिझल्टंट x ची कोणतीही किंमत घातली तरी शून्यच राहत असेल, तर त्याचा अर्थ वेगळा आहे: दोन्ही बहुपदींना y असलेला एक समान अवयव आहे आणि त्यांचे वक्र एका अख्ख्या भागावर एकच आहेत.

हाताने करताना खरी अडचण आकाराची येते. दोन घनसमीकरणे घेतली तर तक्ता ६ × ६ चा होतो आणि x चे बहुपद नवव्या घातापर्यंत जाऊ शकते. त्याची मुळे बहुधा दशांशातच काढावी लागतात, आणि मुळे एकमेकांना फार जवळ असली तर सहगुणकांतली किरकोळ चूकही त्यांना बरीच हलवते.