ग्राहकाची कारखाना भेट (सोलापूरचा टेरी टॉवेल उद्योग)

मोठी ऑर्डर देण्यापूर्वी किंवा चालू ऑर्डरच्या दरम्यान खरेदीदाराने उत्पादकाच्या कारखान्यात येऊन यंत्रे, माल, कागदपत्रे आणि माणसे प्रत्यक्ष पाहणे, यास व्यवहारात कारखाना भेट किंवा नुसते ‘व्हिजिट’ म्हणतात. लेखापरीक्षण आणि माल निघण्यापूर्वीची तपासणी यांहून ही भेट वेगळी असते. लेखापरीक्षक ठरलेली यादी घेऊन येतो व तपासनीस ठरलेल्या नमुना संख्येवर निर्णय देतो, पण भेटीस आलेला ग्राहक नमुन्यात जे दिसले तेच रोजच्या उत्पादनात निघते का, एवढेच पाहत असतो. या नोंदीत सोलापूरच्या टेरी टॉवेल कारखान्यातील एक दिवसाच्या भेटीचा विचार केला आहे. सोलापुरी चादरीप्रमाणेच येथील टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि अक्कलकोट रस्ता व चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतींत अशा भेटी नित्याच्या आहेत.

दिवसाची निवड

भेटीची तारीख कोणती असावी, हे यंत्रमागाच्या वेळापत्रकावरून ठरवावे, यजमानाच्या सोयीवरून नव्हे. ग्राहकाला ज्या प्रकारचा टॉवेल हवा आहे, तसाच किंवा त्याच्या जवळपासचा माल त्या दिवशी मागावर चढलेला असला पाहिजे, कारण बंद मागासमोर उभे राहून दिलेले स्पष्टीकरण कोणालाच पटत नाही. जानेवारीत मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते आणि नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव निघतो. विणकरांपैकी मोठा वर्ग याच समाजाचा असल्याने त्या दिवसांत खात्यात माणसे कमी असतात. आषाढी वारीच्या काळात पंढरपूरकडील रस्ते व जिल्ह्यातील मुक्कामाच्या जागा दोन्ही भरलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पाहुण्यांना त्याचा त्रास होतोच, पण मालाचे वजनही त्यामुळे बदलते, आणि त्याचा खुलासा पुढे येईल.

मुंबईहून येणाऱ्यांसाठी 10 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झालेली वंदे भारत सोयीची आहे. ती रात्री सोलापुरात पोहोचते आणि परतीची गाडी पहाटे निघते. त्यामुळे भेटीस पूर्ण एक दिवस व दोन रात्रींचा मुक्काम धरावा लागतो. पुण्याहून मोटारीने येणाऱ्याला चिंचोळी वसाहत महामार्गावर शहराच्या अलीकडेच लागते. त्याला आधी शहरातील कार्यालयात नेऊन पुन्हा मागे आणण्याची प्रथा आहे. ती सोडलेली बरी.

कार्यक्रमपत्रिका

कार्यक्रमपत्रिका किमान एक आठवडा आधी पाठवावी आणि ती मालाच्या प्रवासाच्या क्रमाने लावावी: सूत, रंगाई, वाइंडिंग, वार्पिंग, विणकाम, शिअरिंग, शिलाई, तपासणी, पॅकिंग. सकाळी साडेनऊला पंधरा मिनिटांचे स्वागत, पावणेदहाला थेट खात्यात प्रवेश, दुपारी एकला जेवण आणि अडीचपासून बैठक, एवढा आराखडा पुरतो. कंपनीचा इतिहास सांगणारे तासाभराचे सादरीकरण सकाळीच उरकण्याची अनेकांना हौस असते. ग्राहकाचे डोळे ताजे असतात तो सगळा वेळ त्यात जातो आणि खाते मात्र दुपारी पेंगत पाहिले जाते.

सोलापुरात सूत-रंगाई अनेकदा बाहेरच्या रंगशाळेत जॉबवर्कने होते, काही वेळा शिलाईही बाहेर होते. हे पत्रिकेतच लिहावे आणि शक्य असल्यास त्या जागेची भेटही कार्यक्रमात धरावी. लपवलेले जॉबवर्क गेटपासच्या वहीतून किंवा चलनांच्या फाइलमधून हमखास बाहेर येते आणि मग उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. कोण येणार आहे, हेही आधी विचारून घ्यावे. खरेदी अधिकाऱ्याला दर व मुदत हवी असते, गुणवत्ता अधिकाऱ्याला नोंदवह्या हव्या असतात, आणि दोघांना एकच माणूस उत्तरे देऊ लागला की दोघेही असमाधानी राहतात.

पूर्वतयारी

तयारी म्हणजे रंगरंगोटी नव्हे. आदल्या दिवशी दिलेल्या रंगाचा वास पाहुण्याला सगळे सांगून जातो. खरे काम मागांवर, वायरींवर आणि दिव्यांवर साचलेली रुई काढण्याचे, आणीबाणीच्या दारांपुढचे ताण्याच्या धाग्यांचे बीम व गाठोडी हलवण्याचे आणि अग्निशामक नळकांड्यांच्या तारखा पाहण्याचे असते. दुसऱ्या ग्राहकाची लेबले, छापील पिशव्या व खोकी झाकून ठेवावीत. आपला माल पुढच्या पाहुण्याला असाच दाखवला जाईल, हे आलेला ग्राहक मनात टिपून घेतो.

क्षमतेचा हिशेब भेटीपूर्वी कागदावर मांडलेला असावा, कारण ‘रोज किती निघतात’ हा प्रश्न मागासमोरच विचारला जातो. समजा 70 × 140 सेंटिमीटरच्या 30,000 टॉवेलची ऑर्डर आहे. सेंटिमीटरला 18 पिक, म्हणजे आडवे धागे, धरल्यास एका टॉवेलला 2,520 पिक लागतात. मिनिटाला 200 पिकांच्या रॅपियर मागावर, दोन टॉवेल शेजारी-शेजारी विणले जात असताना, त्या जोडीस 12.6 मिनिटे लागतील. मात्र धागा तुटणे, बीम बदलणे इत्यादी धरून कार्यक्षमता 80 टक्के मानली, तर हा वेळ पावणेसोळा मिनिटांच्या आसपास जातो. 22 तासांत एका मागावर सुमारे 167 टॉवेल, बारा मागांवर सुमारे 2,000, म्हणजे नुसत्या विणकामाला पंधरा दिवस. 80 टक्क्यांचा आकडा मागाच्या मीटरवर दिसणाऱ्या गेल्या महिन्याच्या नोंदींशी जुळला पाहिजे, नाहीतर ग्राहकच मीटर वाचून वेगळे उत्तर काढतो.

प्रत्यक्ष दिवस

मागखात्यात आवाज इतका असतो की बोलणे ऐकू येत नाही. म्हणून दाराबाहेर तीन-चार मिनिटे थांबून आत काय पाहायचे ते सांगावे, कानात घालायचे बोळे द्यावेत, आत खुणेने दाखवावे आणि प्रश्न दुसऱ्या दाराबाहेर घ्यावेत. आत ओरडून समजावणारा यजमान आणि मान डोलावणारा पाहुणा हे दृश्य नेहमीचे आहे, त्यातून दोघांच्याही हाती काही लागत नाही. पाहुण्याने विणकराशी बोलायची इच्छा दाखवल्यास नकार देऊ नये. विणकर तेलुगू, मराठी किंवा कन्नड बोलणारा असेल, तर दुभाषा म्हणून मालकापेक्षा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बरा, कारण मालक भाषांतर करताना उत्तर सुधारतो आणि पाहुण्याला ते चेहऱ्यांवरून कळते. कामगारांना काय बोलायचे ते पढवू नये. पाहुणे कोण आहेत आणि का येत आहेत, एवढे मात्र आदल्या पाळीत सांगावे. डबा घेऊन आलेली मुले खात्यात न येता फाटकावरच थांबतील, याची व्यवस्था त्या दिवसापुरती न करता कायमची असावी.

सर्वांत नाजूक प्रसंग बहुधा तपासणीच्या टेबलावर येतो, म्हणून तो तपशिलाने पाहू. वरील ऑर्डरमध्ये जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममधील वजन, 500 ठरले आहे. टॉवेलचे क्षेत्रफळ 0.98 चौरस मीटर असल्याने त्याचे वजन 490 ग्रॅम यावे आणि करारात तीन टक्क्यांची सूट असल्यास ते 475 ग्रॅमच्या खाली जाऊ नये. मे महिन्यातील दुपारी गुणवत्ता अधिकारी ढिगातून एक टॉवेल उचलतो, काट्यावर टाकतो आणि आकडा 474 दिसतो. अशा वेळी ‘काटा जुना आहे’ किंवा ‘हा एकच तसा’ म्हणणे आत्मघातकी ठरते, कारण दुसरा टॉवेलही तेवढाच भरतो.

कारण बहुधा हवेत असते. कापूस हवेतील ओलावा धरतो आणि व्यापारात त्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या 8.5 टक्के मानले जाते. 490 ग्रॅमच्या टॉवेलमध्ये कोरडा कापूस सुमारे 451.6 ग्रॅम असतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात, आणि ड्रायरमधून नुकत्याच काढलेल्या मालात तर अधिकच, हा ओलावा 5 टक्क्यांवर आला की तोच टॉवेल 474 ग्रॅम भरतो. म्हणजे टॉवेलला काहीही झालेले नसते. पण हे नुसते सांगून भागत नाही, दाखवावे लागते. तोच टॉवेल 105 अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा, काढताच तोलायचा आणि आलेल्या आकड्याला 1.085 ने गुणायचे. गुणाकार 490 च्या जवळ आला तर ओलाव्याचा दोष, 475 च्या आत राहिला तर खरोखरच पाईलचा, म्हणजे टॉवेलवरील लूपांचा, धागा कमी पडला आहे. दुसऱ्या स्थितीत मागावर पाईल बीमचा ताण व लूपची उंची तपासण्यावाचून उपाय नाही. ओव्हन नसल्यास टॉवेल बाहेरच्या प्रयोगशाळेत, प्रमाणित आर्द्रतेच्या खोलीत तोलून घ्यावा. अनुभवी यजमान उन्हाळ्यात हा प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करून त्याची नोंद टेबलावरच ठेवतो, आणि ते बरोबरच आहे.

जेवण साधे व वेळेत असावे. पथ्य व शाकाहार आधी विचारलेला असला की पुरते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाहुण्यांना आवडते, पण चटणीचे तिखट आधी सांगावे. छायाचित्रांना कोठे परवानगी आहे, हे सकाळीच स्पष्ट करावे, म्हणजे खात्यात कोणाचा मोबाईल खाली घ्यायला लावावा लागत नाही.

पाठपुरावा

दुपारच्या बैठकीच्या शेवटी ठरलेल्या गोष्टी दोन्ही बाजूंनी मोठ्याने वाचून घ्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या लेखी पाठवाव्यात. प्रत्येक मुद्द्यापुढे करणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि तारीख असावी. ‘लवकरच पाठवतो’ हे वाक्य त्यात येऊ देऊ नये. मान्य झालेला नमुना दोघांच्या सह्यांनी व तारखेने सीलबंद करून एकेक प्रत दोन्ही पक्षांनी ठेवावी, कारण तीन महिन्यांनी वाद झाला की पुरावा तोच असतो. वजनाच्या प्रसंगानंतर करारात ‘वजन 8.5 टक्के ओलाव्यावर मोजले जाईल’ एवढी ओळ घालून घेणे, हे या भेटीचे सर्वांत उपयोगी फलित ठरू शकते. जे काम ठरलेल्या तारखेस होणार नाही, ते त्या तारखेच्या आधी कळवावे. नंतर कळवलेले कारण कितीही खरे असले तरी सबब वाटते. पाहुण्यांनी दाखवलेल्या उणिवा दुरुस्त झाल्यावर त्याच कोनातून काढलेले छायाचित्र पाठवावे, म्हणजे पुढच्या भेटीत त्या जागी पुन्हा थांबावे लागत नाही.