फेरोसिमेंटची घरगुती पाण्याची टाकी : साहित्याचा अंदाज

फेरोसिमेंट म्हणजे बारीक तारेच्या जाळ्यांचे एकावर एक थर बांधून त्यांत सिमेंट-वाळूचा घट्ट माल दाबून भरलेले, साधारण तीन ते पाच सेंटिमीटर जाडीचे बांधकाम. फ्रान्समध्ये लांबो याने १८४८ साली या पद्धतीने होडी बांधली. आज घराजवळ पागोळीचे किंवा नळाचे पाणी साठवण्यासाठी अशा गोल टाक्या बांधल्या जातात, आणि २५० ते १०,००० लिटर क्षमतेच्या तयार टाक्यांसाठी आयएस १३३५६ हे भारतीय मानकही आहे. जागेवर बांधल्या जाणाऱ्या टाकीला लागणारे सिमेंट, वाळू व जाळी तिच्या मापांवरून कशी काढावी, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

उदाहरणासाठी आतून २ मीटर व्यासाची टाकी घेऊ. तिची भिंत १.७ मीटर उंच असून पाणी १.६ मीटरपर्यंत राहते, म्हणजे क्षमता सुमारे ५,००० लिटर होते. भिंत ४ सेंमी, तळ ५ सेंमी आणि मध्यावर ३० सेंमी उंची असलेले घुमटाकार झाकण ३ सेंमी जाडीचे आहे. भिंतीचा परीघ आतल्या व्यासावरून न काढता जाडीच्या मध्यावरच्या, म्हणजे २.०४ मीटर व्यासावरून काढावा. तो ६.४१ मीटर येतो, त्यामुळे भिंतीचे क्षेत्रफळ १०.९ चौ. मी. आणि मालाचे घनफळ ०.४४ घ.मी. होते. तळ भिंतीच्या थोडा बाहेर, २.२ मीटर व्यासाचा धरल्यास त्याला ०.१९ घ.मी. माल लागतो. माणूस उतरण्याचे तोंड वजा जाता झाकणाला सुमारे ०.१० घ.मी. माल पुरतो. एकूण ०.७३ घ.मी. झाला. जाळीतून पलीकडे पडणारा आणि हातातून सांडणारा माल या कामात साध्या गिलाव्यापेक्षा जास्त असतो, म्हणून त्यात १५ टक्के मिळवून ०.८४ घ.मी. धरावा.

कालवलेला माल दबून बसतो, कारण सिमेंट वाळूच्या पोकळ्यांत शिरते. म्हणून कोरड्या साहित्याचे घनफळ तयार मालाच्या सुमारे १.३३ पट, म्हणजे येथे १.१२ घ.मी. घ्यावे लागते. घनफळाने एकास दोन या प्रमाणात त्यातील एक तृतीयांश, ०.३७ घ.मी., सिमेंट होय. सिमेंटचे वजन घनमीटरला १,४४० किलो धरले की ते सुमारे ५३५ किलो, म्हणजे ५० किलोची अकरा पोती होते. एकास तीन प्रमाणात हीच टाकी आठ पोत्यांत उरकते आणि तशा टाक्या बांधल्याही जातात. पण इतक्या पातळ भिंतीतून पाणी न झिरपण्याची आणि तार न गंजण्याची सगळी मदार मालाच्या घट्टपणावर असल्याने ही तीन पोत्यांची बचत योग्य नव्हे. टाकीखालच्या काँक्रीटच्या थराचे सिमेंट या हिशेबात नाही. १० सेंमी जाडीच्या, एकास चारास आठ प्रमाणाच्या थराला दीड ते दोन पोती वेगळी लागतात.

वाळू ०.७५ घ.मी. निघते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट किंवा २.८३ घ.मी., तेव्हा ही पाव ब्रासपेक्षा किंचित जास्त झाली. मात्र हा आकडा कोरड्या वाळूचा आहे. ओलसर वाळू फुगते, आणि पाच टक्क्यांच्या आसपास ओल असताना तिचे घनफळ २० ते ३० टक्क्यांनी वाढलेले दिसते. शिवाय फेरोसिमेंटसाठी वाळू सुमारे २.३६ मिमीच्या चाळणीतून चाळून घ्यावी लागते, कारण जाड खडा जाळीत अडकला की त्यामागे पोकळी राहते. ही दोन्ही घट धरून ०.४ ब्रास वाळू मागवावी. कालवताना घमेल्यांचा अंदाज न ठेवता ४० × ३५ × २५ सेंमीचा फर्मा वापरावा. तो ३५ लिटरचा, म्हणजे एका पोत्याच्या घनफळाइतका असतो, त्यामुळे एका पोत्याला वाळूचे दोन फर्मे एवढाच हिशेब गवंड्याला ठेवावा लागतो. वाळू ओली असेल तर फर्मा शीग लावून भरावा. पाणी पोत्याला २० ते २२ लिटरच, आणि वाळूतील ओलही त्यातच मोजायची.

जाळीचा हिशेब क्षेत्रफळावरून केला की हमखास चुकतो. तो पट्ट्यांवरून करावा. येथे मध्ये ५० मिमी चौकटीची, १० गेजची वेल्डमेश आणि तिच्या दोन्ही अंगांना १२ मिमी भोकाच्या कोंबडी जाळीचा एकेक थर धरला आहे. भेंडोळ्याची रुंदी १.२ मीटर मानू. भिंतीच्या १.७ मीटर उंचीला तळात व झाकणात वळवण्यासाठी प्रत्येकी किमान २० सेंमी जोडावे लागतात, म्हणून २.१ मीटर उंचीची जाळी हवी. दोन पट्टे १५ सेंमी एकमेकांवर चढवले की २.२५ मीटर मिळतात आणि उरलेले वळणात जातात. प्रत्येक पट्ट्याची लांबी परीघ अधिक २० सेंमी चढ, म्हणजे ६.६ मीटर, दोन पट्ट्यांचे १३.२ मीटर. तळाला २.२ मीटरचे दोन तुकडे आणि घुमटावरून मोजलेल्या कमानीलाही तेवढेच दोन, असे आणखी ८.८ मीटर. एकूण २२ मीटर, म्हणजे २६.४ चौ. मी. वेल्डमेश लागते. टाकीचे क्षेत्रफळ मात्र जेमतेम १८.४ चौ. मी. भरते. बाकीचा खर्च चढ, वळण आणि गोल कापताना निघणारे कोपरे यांचा आहे. कोंबडी जाळी याच मांडणीने दुप्पट, ४४ मीटर लागते. भिंत दोन मीटर उंच केली असती तर दोन पट्टे अपुरे पडून तिसरा कापावा लागला असता, म्हणून उंची ठरवण्यापूर्वी दुकानातील भेंडोळ्याची रुंदी पाहून घेणे शहाणपणाचे. बांधणीची तार दोन-तीन किलो पुरते.

जाळी ताकदीलाही पुरते का, हे एका गुणाकाराने तपासता येते. भिंतीच्या पायथ्याशी एक मीटर उंचीच्या पट्ट्यावर परिघाच्या दिशेने येणारी ओढ पाण्याचे घनमीटरचे वजन, खोली आणि त्रिज्या यांचा गुणाकार, ९.८१ × १.६ × १.०, म्हणजे १५.७ किलोन्यूटन असते. तारेवर चौ. मिमीला १०० न्यूटनच ताण येऊ द्यायचा म्हटले, तर मीटरमागे १५७ चौ. मिमी पोलाद हवे. १० गेजची ३.२५ मिमी जाडीची तार ५० मिमी अंतराने १६६ चौ. मिमी देते. ७५ मिमी चौकटीत ती १११ वर येते आणि वेल्डमेश एकटी पुरत नाही. कोंबडी जाळीचा वाटा येथे धरलेला नाही. तिचे खरे काम माल धरून ठेवणे आणि तडे केसाएवढे बारीक राखणे हे आहे.

अंदाज प्रत्यक्षात बिघडतो तो बहुधा जाडीमुळे. या भिंतीवर केवळ ५ मिमी जादा माल चढला तरी सुमारे ४० किलो सिमेंट जास्त जाते. जाळी ढिली बांधली असेल तर ती फुगते आणि फुगवटा झाकण्यासाठी गवंडी माल चढवत राहतो. माल ओला असतानाच जागोजाग खिळा टोचून जाडी पाहावी. पोती अंदाजापेक्षा बरीच कमी लागली तर खूश होऊ नये, कारण त्याचा अर्थ बहुतेक वेळा जाळीमागे पोकळी राहिली असा असतो. माल घट्ट झाल्यावर भिंतीवर हातोडीने हलके ठोकले असता अशा जागी बद्द आवाज येतो. तेवढा भाग फोडून, जाळी साफ करून, सिमेंटचे पाणी लावून तो नव्याने भरावा, आणि मगच किमान चौदा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवून टाकीत पाणी टप्प्याटप्प्याने चढवावे.