परदेशी कंपनीची भारतातली सबसिडिअरी: पैसे मागवण्याआधी हे वाचा

आमच्याकडे जे क्लायंट येतात त्यातले निम्मे तरी पैसे खात्यात जमा झाल्यावर येतात. म्हणजे जर्मनीतून किंवा अमेरिकेतून पॅरेंट कंपनीने रक्कम पाठवली, बँकेचा फोन आला की "ही रक्कम कशासाठी आलीय ते सांगा", आणि मग शोधाशोध सुरू. तोपर्यंत बऱ्याच गोष्टी हातातून गेलेल्या असतात, म्हणून हे पत्रक. यात सगळे कायदे नाहीयेत, एकच उदाहरण घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलंय.

समजा जर्मनीतली एक कंपनी आहे, मोजमापाची उपकरणं म्हणजे गेज वगैरे बनवते, आणि तिला चाकणला छोटा प्लांट टाकायचाय. इथे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची, सगळे शेअर जर्मन कंपनीचे. प्रायव्हेट लिमिटेडला शेअरहोल्डर दोन लागतातच, त्यामुळे एक शेअर कुणातरी नॉमिनीच्या नावावर ठेवतात आणि त्याचा खरा मालक पॅरेंटच आहे असं डिक्लरेशन करून घेतात. एक तरी डायरेक्टर असा हवा जो वर्षात किमान 182 दिवस भारतात राहतो. जर्मनीची कागदपत्रं तिकडे नोटरी आणि पुढचं प्रमाणीकरण करून यावी लागतात, आणि वेळ खरा इथेच जातो, आपल्या इथल्या फॉर्मात नाही.

आता पहिला प्रश्न, जो सगळ्यात कमी विचारला जातो: ही कंपनी नक्की करणार काय? कारण परदेशी पैशाची मर्यादा कंपनीच्या नावावर किंवा देशावर ठरत नाही, धंद्यावर ठरते. फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा, त्याखालचे 2019 चे नॉन-डेट इन्स्ट्रुमेंट्स रूल्स आहेत, त्यात क्षेत्रवार यादी आहे. मॅन्युफॅक्चरिंगला 100 टक्के, तेही ऑटोमॅटिक रूटने, म्हणजे आधी सरकारची परवानगी नको, नंतर फक्त रिपोर्टिंग. डिफेन्सला 74 टक्क्यांपर्यंत ऑटोमॅटिक आणि त्यावर सरकारची परवानगी. वेगवेगळ्या ब्रँडचा माल ग्राहकाला विकणारं दुकान असेल तर 51 टक्के, तेही परवानगी घेऊनच आणि अटी भरपूर. लॉटरी, जुगार, चिट फंड, जमिनी घेऊन विकणं, सिगारेट बनवणं यात परदेशी पैसा चालतच नाही.

आपली चाकणची कंपनी मॅन्युफॅक्चरिंगमध्ये बसते, मग काळजी कशाला? काळजी इथेय. प्लांट उभा राहायला दीड वर्ष लागणार, तोवर जर्मनीहून तयार गेज आणून इथल्या कारखान्यांना विकू असं पॅरेंट म्हणते. ते मॅन्युफॅक्चरिंग नाही, ते होलसेल ट्रेडिंग झालं. त्यालाही 100 टक्के ऑटोमॅटिक आहे, फक्त गिऱ्हाईक धंदेवाला हवा, घरगुती, वैयक्तिक वापरासाठी घेणारा नको, आणि आपल्याच ग्रुपच्या कंपन्यांना विकलेला माल एकूण टर्नओव्हरच्या 25 टक्क्यांवर जाता कामा नये. पुढे कुणाला सुचलं की हाच आणलेला माल वेबसाइटवरून थेट सामान्य ग्राहकाला विकू, तर ते रिटेल झालं आणि त्याचे नियम पूर्ण वेगळे. स्वतः इथे बनवलेला माल मात्र ऑनलाइन विकता येतो. गेज तोच, डबा तोच, पण बनवला कुठे आणि घेतला कुणी यावर नियम बदलतो, त्यामुळे मेमोरँडममधे, म्हणजे कंपनीच्या स्थापनेच्या कागदात, धंद्याचं वर्णन लिहिताना पुढच्या दोन-तीन वर्षांचा विचार आत्ताच करा.

दुसरा प्रश्न पॅरेंटला विचारायला लोक लाजतात, पण विचारावाच लागतो: तुमच्या वर कोण आहे? 2020 च्या एप्रिलमधे सरकारची प्रेस नोट 3 आली तेव्हापासून भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातला पैसा, किंवा तिथला माणूस खरा लाभधारक असेल तरी, सरकारी परवानगीचा प्रश्न येतो. कंपनी जर्मन आहे हे पुरेसं नाही, जर्मन कंपनीचा मोठा हिस्सा चीनमधल्या ग्रुपकडे असेल तर ऑटोमॅटिक रूट गृहीत धरू नका. बँक हा प्रश्न विचारणारच, पण बँक विचारते तेव्हा पैसे येऊन पडलेले असतात.

आता पैसे. पहिला हप्ता छोटा असतो, मेमोरँडमवर सही केलेल्या शेअरचे पैसे. समजा 10 रुपयांचे 10,000 शेअर, एक लाख रुपये. हे दर्शनी किमतीला असतात म्हणून व्हॅल्युएशन रिपोर्ट लागत नाही. पैसे कंपनी रजिस्टर झाल्यावर खात्यात येतात, आणि पैसे आले हे सांगणारा आयएनसी-20ए फॉर्म रजिस्ट्रेशनपासून 180 दिवसांत भरावा लागतो. शेअर दिल्याचं रिझर्व्ह बँकेला कळवायचे 30 दिवस या पहिल्या शेअरसाठी कधीपासून मोजायचे यावर बँकाबँकांत मतभेद आहेत, कुणी कंपनी रजिस्टर झाल्यापासून धरतं, कुणी पैसे आल्यापासून. आम्ही भांडत बसत नाही, खातं लवकर उघडून घेतो आणि रजिस्ट्रेशनपासून 30 दिवसांतच सगळं भरून टाकतो.

खरी गंमत दुसऱ्या हप्त्यात, मशिनरीच्या पैशात. इथून पुढे कॅलेंडर समोर ठेवूनच वाचा.

पॅरेंटने 2,20,000 युरो पाठवायचे ठरवले, दर 90 रुपये धरला तर 1,98,00,000 रुपये. शेअर किती किमतीला द्यायचा? लिस्टेड नसलेल्या कंपनीने परदेशी माणसाला शेअर देताना किंमत फेअर व्हॅल्यूपेक्षा कमी चालत नाही, जास्त चालते. त्यासाठी सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा सेबीकडे नोंदलेल्या मर्चंट बँकरचा व्हॅल्युएशन रिपोर्ट लागतो आणि तो 90 दिवसांपेक्षा जुना नको. रिपोर्टात 11.40 रुपये आले, आपण 12 रुपयांना द्यायचे ठरवले, म्हणजे 16,50,000 शेअर. ऑथराइज्ड कॅपिटल, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती भांडवलाचे शेअर देऊ शकते ती मर्यादा, तेवढी आधीच वाढवून ठेवायची, नाहीतर पैसे येऊन बसतात आणि शेअर देता येत नाहीत. हा प्रायव्हेट प्लेसमेंटचा, म्हणजे ठरावीक माणसालाच शेअर देण्याचा मार्ग असल्याने पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यायचे.

3 जून 2024 ला पैसे जमा झाले, पण किती? मधल्या बँकेने 40 युरो चार्जेस कापले, आले 2,19,960 युरो, म्हणजे 1,97,96,400 रुपये. आता 16,50,000 शेअर देता येणार नाहीत, जेवढे पैसे आले तेवढ्याचेच, म्हणजे 16,49,700. चाळीस युरोसाठी ठराव, यादी, फॉर्म सगळीकडे आकडा बदलतो, आणि एका जागी जुना आकडा राहिला की बँक फॉर्म परत पाठवते. म्हणून पॅरेंटच्या अकाउंट्सवाल्यांना आधीच सांगा की चार्जेस सगळे पाठवणाऱ्याच्या खात्यावर टाका. आणि पैसे पॅरेंटच्याच खात्यातून येऊ देत. ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीकडे शिल्लक होती म्हणून तिथून पाठवले असं झालं की दोघांची पत्रं, दोघांचं केवायसी, आणि आठवडे वाया. संदेशात "शेअर कॅपिटलसाठी गुंतवणूक" असंच लिहायला लावा. एका क्लायंटच्या पॅरेंटने नुसतं "प्रोजेक्ट पेमेंट" लिहिलं, बँकेने ते सर्व्हिसचं पेमेंट म्हणून नोंदवलं, आणि ती नोंद दुरुस्त करून घेण्यात आमचा सव्वा महिना गेला.

पैसे आले त्या दिवसापासून पहिलं घड्याळ 60 दिवसांचं, तेवढ्यात शेअर द्यायचेच. 3 जूनपासून 60 वा दिवस 2 ऑगस्ट. जमलं नाही तर पुढच्या 15 दिवसांत, म्हणजे 17 ऑगस्टपर्यंत, पैसे परत. तेही केलं नाही तर कंपनी कायद्याने ती रक्कम डिपॉझिट समजली जाते, 12 टक्के व्याज लागतं, आणि फेमाचं उल्लंघन वेगळं. आपण 22 जुलैला शेअर दिले असं धरू. मग शेअर दिल्याचं कंपनी रजिस्ट्रारला कळवणारा पास-3 फॉर्म 15 दिवसांत, आणि तो भरेपर्यंत या पैशाला हात लावायचा नाही, मशीनवाला कितीही मागे लागला तरी.

दुसरं घड्याळ 22 जुलैपासून 30 दिवसांचं, म्हणजे 21 ऑगस्टपर्यंत रिझर्व्ह बँकेच्या firms.rbi.org.in या पोर्टलवर एफसी-जीपीआर फॉर्म, म्हणजे परदेशी माणसाला शेअर दिल्याचा रिपोर्ट. इथे लोक फसतात कारण पोर्टलवर आधी एंटिटी मास्टर म्हणजे कंपनीची माहिती भरावी लागते, मग बिझनेस यूजर म्हणून नोंद, आणि ती नोंद तुमच्या बँकेने मंजूर करायची. त्यामुळे 20 ऑगस्टला लॉगिन करायला बसलात तर संपलंच, हे काम जूनमधेच उरकून ठेवा. फॉर्मसोबत पैसे आल्याचं बँकेचं प्रमाणपत्र, पॅरेंटच्या बँकेकडून आलेलं केवायसी, बोर्डाचा ठराव आणि शेअर दिलेल्यांची यादी, व्हॅल्युएशन रिपोर्ट, कंपनी सेक्रेटरीचं सर्टिफिकेट लागतं. केवायसी दोन बँकांमधे आपसात फिरतं आणि हमखास अडकतं, पैसे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मागणी टाका.

उशीर झाला तर? रिपोर्टिंगच्या उशिराला लेट फी आहे: 7,500 रुपये, अधिक रकमेच्या 0.025 टक्के गुणिले उशिराची वर्षं. आपला फॉर्म पाच महिने उशिरा गेला असता तर वर्षं 0.42, रकमेचे 0.025 टक्के साधारण 4,949 रुपये, गुणाकार 2,079, मिळून 9,579, वरच्या शंभरात 9,600 रुपये. म्हणजे फार नाही, आणि ही सोय मुदतीनंतर तीन वर्षांपर्यंत मिळते. पण 60 दिवसांत शेअर न देणं हे रिपोर्टिंगचं चुकणं नव्हे, त्याला लेट फीचा रस्ताच नाही, रिझर्व्ह बँकेकडे कंपाउंडिंगचा, म्हणजे चूक कबूल करून दंड भरून प्रकरण मिटवण्याचा अर्ज करावा लागतो, अर्जाची फीच 10,000 रुपये अधिक जीएसटी, दंड ठरेल तो वेगळा. त्यामुळे दोन्हीपैकी एकाचीच घाई करायची झाली तर शेअर देण्याची करा.

राहता राहिला एफएलए रिटर्न, म्हणजे कंपनीत परदेशी पैसा किती आहे ते रिझर्व्ह बँकेला सांगणारं वार्षिक विवरण. दरवर्षी 15 जुलैपर्यंत, 31 मार्चच्या आकड्यांवर, आणि त्या वर्षात परदेशातून नवा पैसा आला नसला तरी, जोवर परदेशी शेअरहोल्डर आहे तोवर. ऑडिट झालं नसेल तर कच्च्या आकड्यांवर भरून टाका, सप्टेंबरअखेर सुधारता येतो. "या वर्षी काही आलंच नाही, म्हणून भरला नाही" हे वाक्य आम्ही दर ऑगस्टमधे ऐकतो, त्याचे 7,500 रुपये पडतात.

ऑफिसला येताना पॅरेंटची मालकी दाखवणारा तक्ता, पुढच्या दोन वर्षांत काय विकणार त्याची दोन ओळींची यादी आणि पैसे कोणत्या बँक खात्यातून येणार ते, एवढं घेऊन या. आणि पैसे अजून पाठवले नसतील तर पाठवू नका म्हणावं, आधी आपण बसू.