नस जोडणे की शुक्राणू काढणे: पार्श्वभूमी

आणीबाणीतल्या 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. त्या सक्तीनंतर पुरुष या शस्त्रक्रियेपासून दूर गेले ते गेलेच. म्हणूनच ‘केलेली नसबंदी उलटवायची आहे’ म्हणत येणारा पुरुष आज विरळा. तो आला की कारण बहुधा दुसरे लग्न असते, नाहीतर मूल गमावल्याचे दुःख. ते दुःख सरकारनेही ओळखले होते: नस पुन्हा जोडून घेणाऱ्या कर्मचाऱ्याला विशेष नैमित्तिक रजा देणाऱ्या जुन्या नियमांत, सगळे मुलगे किंवा सगळ्या मुली गमावल्याचे कारण स्पष्ट लिहिलेले आहे.

1970च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली नस जोडण्याचे तंत्र रुळेपर्यंत हे काम नुसत्या डोळ्यांनी किंवा भिंगाने होई. नसेचे आतले छिद्र मिलीमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, त्यामुळे केसापेक्षा बारीक धाग्याने टाके घालता येऊ लागले तेव्हाच निकाल खरे सुधारले. तरीही 1992पर्यंत भरवशाचा पर्याय हाच होता. त्या वर्षी ब्रसेल्समधून इक्सीची बातमी आली: एका बीजांडात एकच शुक्राणू सुईने सोडायचा. मग वीर्यात शुक्राणू येण्याची गरजच उरली नाही. अंडकोशातून किंवा त्याला लागून असलेल्या एपिडिडिमिसमधून सुईने काढलेले थोडे शुक्राणू पुरू लागले. इक्सी होते ती आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचारात, आणि त्यासाठी इथे पूर्वी खासगी दवाखान्याचाच रस्ता होता. गोव्यात 2023 साली सरकारी इस्पितळात मोफत उपचार सुरू झाले आणि ‘एवढी शस्त्रक्रिया कशाला?’ हा प्रश्न इथे जास्त ऐकू येऊ लागला.

या सगळ्यात सर्वात गोंधळाचा शब्द ‘यश’. नस जोडणारा यश म्हणतो तेव्हा बहुधा वीर्यात शुक्राणू परतले एवढाच अर्थ असतो. इक्सीवाला यश म्हणतो तेव्हा कधी गर्भ राहिला असा अर्थ असतो, कधी मूल जन्मले असा. तोही एका प्रयत्नाचा की अनेकांचा, हे वेगळे विचारावे लागते. 1991 साली अमेरिकेतल्या सुमारे दीड हजार पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. नसबंदीला तीन वर्षे झाली नसतील तर 97 टक्क्यांत शुक्राणू परतले आणि 76 टक्के जोडप्यांत गर्भ राहिला. 9 ते 14 वर्षे झालेल्यांत हेच आकडे 79 आणि 44 होते. 79 आणि 44 मधली ही दरी कोणी सांगत नसेल तर ‘यश’ शब्दावर विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिचोलीतला एक गृहस्थ धरू. नसबंदीला 11 वर्षे झाली, दुसरी पत्नी 29 वर्षांची. मी त्याला नस जोडण्याकडेच झुकवेन. नस जोडल्यावर शुक्राणू परतायला तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागते. पण तिच्या वयात वेळ आहे, दोघांना दुसरे मूल हवे झाले तरी पुन्हा खर्च नाही, आणि हार्मोनची इंजेक्शने व बीजांडे काढण्याचा त्रास तिला सोसावा लागत नाही. इक्सीत दोष पुरुषाच्या नसेत आणि उपचार मात्र बाईच्या अंगावर, ही गोष्ट चर्चेत फार लवकर बाजूला पडते. तीच पत्नी 39 वर्षांची असेल तर हिशेब उलटतो. वाट पाहण्यात जाणारे वर्ष तिच्या बीजांडांचे असते. तिथे थेट इक्सी बरी.

नस जोडायची ठरले तरी खरा निर्णय ऑपरेशनच्या टेबलावर होतो. नस कापली होती ती जागा उघडून अंडकोशाकडच्या टोकातून आलेला थेंब काचपट्टीवर पाहतात. पाण्यासारखा द्रव आणि त्यात शुक्राणू दिसले तर नस नसेला जोडायची. द्रव दाट, पेस्टसारखा असून शुक्राणू नसले तर दीर्घ दाबाने एपिडिडिमिसमध्ये दुसरा अडथळा झालेला असतो. तिथे नस थेट एपिडिडिमिसच्या नळीला जोडावी लागते. ते काम जास्त अवघड आणि शुक्राणू परतायला वेळही जास्त लागतो. म्हणून आधीच विचारावे: एपिडिडिमिसला जोड द्यावा लागलाच तर तोही तुम्ही करता का? आणि त्याच वेळी मिळालेले शुक्राणू गोठवून ठेवता येतील का? जोड बंद पडला तर ते इक्सीला वापरता येतात, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

उलट क्रमाने जाणाऱ्याने एक जपावे. इक्सीसाठी एपिडिडिमिसला सुई टोचली की तिथे व्रण राहून नळी बंद होऊ शकते आणि पुढे नस जोडणे कठीण होते. जोडण्याचा मार्ग राखून ठेवायचा असेल तर शुक्राणू अंडकोशातूनच घ्या, असे आधी सांगून ठेवावे.