लिफ्टमध्ये अडकल्याचं स्वप्न: पार्श्वभूमी

अरुंद जागेत अडकल्याच्या स्वप्नाची पद्धतशीर चर्चा सुरू झाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नात, आणि माझ्या मते ती चुकीच्या दारातून सुरू झाली. तिथल्या मनोविश्लेषकांनी भुयार, अरुंद वाट यांचा संबंध थेट जन्माच्या क्षणाशी जोडला. १९२४ मध्ये त्यांच्यातल्याच एकाने सगळ्या भीतीचं मूळ जन्माच्या धक्क्यात असल्याची उपपत्ती मांडली. दोनच वर्षांत त्याच्या गुरूने तिच्यातली उणीव दाखवली: जन्मताना बाळाला दृश्य आठवण राहते, हे गृहीत धरायला आधार काय? सिझेरियनने जन्मलेल्या माणसाला भुयाराचं स्वप्न पडलं तर त्याचा उलगडा या मार्गाने कसा करायचा, हेही कुणाला सांगता आलेलं नाही. तरीही ‘हा तुमचा जन्माचा अनुभव आहे’ असं आजही ऐकवलं जातं. घाबरून उठलेल्या माणसाला त्याचा उपयोग होत नाही.

खरा बदल झाला १९५३ नंतर. त्या वर्षी शिकागोच्या प्रयोगशाळेतून झोपेतल्या जलद नेत्रहालचालींच्या टप्प्याची नोंद प्रसिद्ध झाली. पुढच्या काही वर्षांत दिसलं की या टप्प्यात मेंदू शरीराचे बहुतेक स्नायू सैल सोडतो. डोळे हलत राहतात, श्वासपटल काम करतं. पण हातपाय गळून जातात आणि बरगड्यांमधल्या स्नायूंची मदत कमी होते. श्वासही अनियमित होतो. म्हणजे ठळक स्वप्नं याच टप्प्यात जास्त पडतात आणि याच वेळी शरीर हलू शकत नाही. हीच जाणीव लिफ्टचं रूप घेते हे सिद्ध झालेलं नाही, पण जन्माच्या आठवणीपेक्षा हे मला कितीतरी पटण्याजोगं वाटतं.

इथे एक गल्लत वारंवार होते. आपल्याकडे ‘छातीवर कुणीतरी बसलं होतं’ असं जे सांगतात, ते बहुधा स्वप्न नसून निद्रा-पक्षाघात असतो. त्यात जाग आलेली असते, स्वतःची खोली दिसते, पण अंग हलत नाही. काही सेकंदांत किंवा मिनिटांत ते आपोआप सुटतं. दुःस्वप्नात गोष्ट असते, जागा वेगळी असते आणि जाग आली की माणूस लगेच हलू शकतो. पहिल्याला बहुतेक वेळा पुरेशी, नियमित झोप आणि धीर पुरतो. दुसऱ्यासाठी वेगळा इलाज आहे.

बंद जागेच्या भीतीचे दोन भाग आहेत, हे १९९०च्या दशकातल्या अभ्यासांतून स्पष्ट झालं: कोंडून पडण्याची भीती आणि गुदमरण्याची भीती. मुंबईत हे दोन्ही एकाच डब्यात भेटतात. जुन्या इमारतींच्या जाळीच्या लिफ्टमधून निदान मजला दिसतो. टॉवरमधल्या स्टीलच्या दारांमागे काहीच दिसत नाही. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास शहराची वीज गेली आणि लोकलही थांबल्या, तेव्हा अडकणं म्हणजे काय हे अनेकांना कळलं.

समजा, परळच्या टॉवरमधल्या एका बाईंना आठवड्यातून दोनदा स्वप्न पडतं: लिफ्ट थांबते, दिवा जातो, हवा संपते. पहिला प्रश्न, हवा संपते का? लिफ्टचा डबा हवाबंद नसतो. वीज गेली की ब्रेक आपोआप आवळले जातात, कारण ते सैल ठेवायलाच वीज लागते. म्हणून लिफ्ट खाली कोसळत नाही, जागच्या जागी थांबते. छाती आवळते, बोटांना मुंग्या येतात, त्या बहुतेकदा भीतीने भराभर घेतलेल्या श्वासामुळे.

दुसरं पाऊल स्वप्न बदलण्याचं. जागेपणी ते कागदावर लिहायचं, मग त्यातला एक भाग हवा तसा बदलायचा: बाई बेल दाबतात, लिफ्टमनचा आवाज येतो, दार उघडून कुणीतरी हात देतं. हे नवं रूप रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं. या पद्धतीची एक मोठी चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात दुःस्वप्नांची संख्या कमी झाली. सगळ्यांना फायदा होत नाही, आणि खऱ्या लिफ्टचीच भीती बसली असेल तर ती वेगळी, टप्प्याटप्प्याने लिफ्टमध्ये जाऊन घालवावी लागते.

एक शक्यता मात्र आधी तपासायला हवी. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास थांबल्याचं शेजारी झोपणाऱ्याने सांगणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग येणं, यातलं काही असेल तर झोपेत खरंच श्वास अडत असू शकतो. अशा वेळी स्वप्न बदलत बसण्याआधी झोपेची तपासणी करून घ्यावी.